तीन कोटेशनं, एकच घर: पॅकर्स-मूव्हर्सचे दर एका मापात कसे आणायचे

पॅकर्स-मूव्हर्सना फोन लावला की पहिला प्रश्न ठरलेला: "वन बीएचके की टू बीएचके?" तुम्ही उत्तर दिलंत की दोन मिनिटांत आकडा मिळतो. तो आकडा तुमच्या सामानाचा नसतो, समोरच्याच्या डोक्यातल्या कुठल्यातरी घराचा असतो. एकाच्या टू बीएचकेत कपाट, सोफा, पलंग आणि वीस खोके असतात, दुसऱ्याच्या टू बीएचकेत माळ्यावरच्या ट्रंका आणि बाल्कनीतल्या कुंड्याही असतात. म्हणून तीन ठिकाणी विचारलं तर तीन वेगवेगळ्या घरांचे दर हातात पडतात आणि आपण त्यांची तुलना करत बसतो.

समजायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत घेऊ. पुण्यात कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर राहणारं एक जोडपं बंगळुरूला व्हाइटफील्डमध्ये सातव्या मजल्यावर जातंय. पुण्याच्या इमारतीला लिफ्ट नाही, बंगळुरूला सामानाची लिफ्ट आहे. सोबत एक स्कूटर आहे. त्यांना तीन दर मिळाले: पहिल्याचे फोनवर २४,००० रुपये, दुसऱ्याचे व्हिडिओ कॉलवर घर बघून ३३,५०० आणि तिसऱ्याचे माणूस घरी पाठवून ४६,०००. हे आणि पुढचे सगळे रुपयांचे आकडे हिशेब दाखवण्यापुरते आहेत. प्रत्यक्ष दर मार्ग, हंगाम आणि तारखेप्रमाणे बदलतो. महिनाअखेरीला आणि मे महिन्यात तो चढलेलाच असतो.

आधी आपलं घर मोजा

कोटेशन मागण्याआधी मोजपट्टी घेऊन घरभर फिरा. तासाभराचं काम आहे. प्रत्येक मोठ्या वस्तूची लांबी, रुंदी आणि उंची फुटांत घ्या, तिन्हींचा गुणाकार करा, घनफूट मिळतात. सुटी होणारी वस्तू सुटी केल्यावर जशी रचली जाईल तशी मोजा. पलंग उभा असताना अर्धी खोली अडवतो, पण फळ्या वेगळ्या करून एकावर एक ठेवल्या तर बराच आटोपशीर होतो. खोक्यांसाठी दीड फूट बाय दीड फूट बाय दोन फूट हे मध्यम माप धरा, म्हणजे एका खोक्याला साडेचार घनफूट.

आपल्या जोडप्याची यादी अशी निघाली:

- पलंग, सुटा करून: ३३
- गादी: १६
- तीन जणांचा सोफा: ५०
- लोखंडी कपाट: ३०
- फ्रिज, पॅकिंगसह: २५
- वॉशिंग मशीन: १२
- ४३ इंची टीव्ही, पेटीसह: ७
- डायनिंग टेबल आणि चार खुर्च्या: ३०
- लिहायचं टेबल आणि खुर्ची: ३०
- २४ खोके: १०८
- बॅगा, बादल्या, शेगडी, किरकोळ: ३०
- स्कूटर: ५५

बेरीज ४२६ घनफूट. पण सामान काही विटांसारखं एकमेकांना चिकटून बसत नाही. सोफ्याच्या हातांमध्ये आणि टेबलाच्या पायांमध्ये जागा वाया जातेच, म्हणून १५ टक्के वाढवायचे. झाले सुमारे ४९० घनफूट.

खोक्यांची संख्या सगळ्यात जास्त चुकते. कपड्यांचे आणि भांड्यांचे खोके लोक बरोबर मोजतात, पुस्तकं आणि माळा विसरतात. पुस्तकं जड असतात म्हणून ती लहान खोक्यांतच भरावी लागतात आणि खोक्यांची संख्या फुगते. व्हिडिओ सर्व्हे असेल तर कॅमेरा मुद्दाम माळ्यावर, पलंगाखालच्या खणात आणि बाल्कनीत न्या. समोरचा माणूस हे दाखवा म्हणेलच असं नाही. त्यानं कमी माप धरलं तर आज दर आकर्षक दिसतो आणि सामान चढवायच्या दिवशी "मॅडम, सामान जास्त आहे" हे वाक्य ऐकायला मिळतं. तेव्हा अर्धं घर खोक्यांत गेलेलं असतं आणि घासाघीस करायला तुमच्या हाती काही उरलेलं नसतं.

ही यादी व्हॉट्सअ‍ॅपवर तिघांना जशीच्या तशी पाठवा आणि उलट लेखी दोन गोष्टी विचारा: तुम्ही किती घनफूट धरलेत, आणि त्याहून जास्त निघालं तर घनफुटामागे काय लावाल? आपल्या उदाहरणात पहिल्यानं ३५० घनफूट धरले होते आणि वरच्या प्रत्येक घनफुटाला ६० रुपये. म्हणजे १४० घनफुटांचे ८,४०० रुपये त्यानं सांगितलेल्या आकड्यात नव्हतेच. दुसऱ्यानं ४८० धरले होते, म्हणजे जवळपास बरोबरच. तिसऱ्यानं घनफुटांचा हिशेबच केला नव्हता, कारण तो अख्खी गाडी देत होता.

कोणती गाडी, आणि ती कोणाची

घनफूट कळले की गाडीचा अंदाज येतो. १४ फुटी गाडीचा हौदा साधारण १४ बाय ६ बाय ६ फूट, म्हणजे ५०४ घनफूट. १७ फुटी गाडी १७ बाय ६ बाय ७ धरली तर ७१४. गाडी कोणी बांधली त्यावर मापं थोडी इकडेतिकडे होतात, त्यामुळे आतलं माप विचारून घ्यावं. ४९० घनफूट ५०४ मध्ये कागदावर बसतात. प्रत्यक्षात फ्रिज उभाच ठेवायचा असतो, स्कूटरवर काही रचता येत नाही आणि टीव्हीवर वजन टाकायचं नसतं. त्यामुळे या घराला १४ फुटी गाडी फार घट्ट होते. १७ फुटी देणारा उगाच मोठी गाडी गळ्यात मारतोय असं इथे म्हणता येणार नाही.

यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न म्हणजे गाडीत फक्त तुमचं सामान असणार की इतरांचंही. पहिले दोघे पार्ट लोडचा दर सांगत होते. पार्ट लोडमध्ये तुमच्या घरून लहान गाडीत सामान भरलं जातं, शहराबाहेरच्या गोदामात उतरतं, तिथे दोनतीन घरांचं सामान जमलं की मोठ्या कंटेनरमध्ये चढतं, बंगळुरूच्या गोदामात पुन्हा उतरतं आणि तिथून लहान गाडीनं तुमच्या दारात येतं. थेट गाडीत सामान एकदा चढतं आणि एकदा उतरतं. पार्ट लोडमध्ये तेच तीन वेळा चढतं आणि तीन वेळा उतरतं. मोडतोड रस्त्यावर होते त्यापेक्षा जास्त या चढउतारीत होते. खोके हरवतात तेही गोदामातच, दुसऱ्या घराच्या ढिगात मिसळून.

पार्ट लोड वाईट असतो असं मात्र नाही. वीसपंचवीस खोके, एक पलंग आणि एक फ्रिज एवढंच सामान असेल तर अख्ख्या गाडीचे पैसे भरणं अंगावर येतं. फक्त "शेअरिंग" म्हणजे नेमकं काय, सामान किती गोदामांत उतरणार आणि जास्तीत जास्त किती दिवसांत पोचणार, हे कोटेशनवर लिहून घ्या. पुणे ते बंगळुरू थेट गाडी सहसा दोनतीन दिवसांत पोचते. पार्ट लोडला आठवडा सहज लागतो, कारण कंटेनर भरेपर्यंत तो हलत नाही.

अंतराचे पैसे नक्की कशाचे

पुणे ते बंगळुरू सुमारे ८४० किलोमीटर. नवख्या माणसाला वाटतं, अंतर दुप्पट म्हणजे दर दुप्पट. तसं होत नाही. पॅकिंगचं साहित्य, खोके भरणारी माणसं, चढवणं-उतरवणं, पलंग खोलणं-जोडणं हा खर्च कोथरूडहून हडपसरला जा किंवा बंगळुरूला जा, जवळपास तेवढाच असतो. अंतराबरोबर वाढतं ते डिझेल, टोल, ड्रायव्हर आणि गाडी अडकून पडण्याचे दिवस.

त्यातही परतीचा माल हा मोठा भाग असतो. बंगळुरूहून पुण्याकडे गाडीला माल सहज मिळतो, म्हणून गाडीवाला एका बाजूचंच भाडं धरून चालतो. तेवढंच अंतर एखाद्या आडबाजूच्या तालुक्याच्या गावी असेल तर तो रिकामी परत येण्याचे पैसेही तुमच्याकडून घेतो. दोन शहरांमधले दर किलोमीटरनं भागून बघणाऱ्यांना हे कोडं सुटत नाही ते यामुळेच.

टोल, आंतरराज्य परमिट, ड्रायव्हरचा भत्ता हे दरात धरलंय का, हे एका ओळीत विचारून घ्या. बहुतेक वेळा धरलेलं असतं. खरी गोम दोन्ही टोकांच्या शेवटच्या शंभर मीटरांत असते. मोठ्या गाडीला दिवसा शहरात प्रवेश नसतो, सोसायटीच्या फाटकातून कंटेनर आत जात नाही, मग लहान गाडी करावी लागते. ती कोणाच्या खर्चानं? लिफ्ट नसेल तर मजल्यामागे जादा पैसे लागतात. आपल्या पहिल्या कोटेशनात मजल्याला ५०० रुपये, म्हणजे तीन मजल्यांचे १,५०० वेगळे होते. गाडी दारापासून लांब उभी राहिली तर त्याचेही मागतात. शिवाय आपल्याकडे काही ठिकाणी फाटकावर माथाडीच्या नावाखाली वाराई, म्हणजे चढउतारीची हमाली, मागितली जाते. ती आली तर कोण निस्तरणार, हेही आधीच बोलून घ्यावं. नाहीतर गाडी दारात उभी असताना सुपरवायझर तुमच्या तोंडाकडे बघत राहतो.

पॅकिंग: थर मोजा

सगळ्या कोटेशनांवर "चांगल्या प्रतीचं पॅकिंग" असं लिहिलेलं असतं. या शब्दांना काही अर्थ नाही. वस्तूवार थर विचारा.

उदाहरणादाखल फ्रिज घ्या. स्वस्तातल्या पॅकिंगमध्ये त्याला बाहेरून नळीदार पुठ्ठ्याचा एक फेरा मारतात, वरून चिकट प्लास्टिकची फिल्म गुंडाळतात आणि काम संपतं. नीट पॅकिंग असेल तर आतले कप्पे आणि काचा काढून वेगळ्या बांधतात, दार टेपनं बंद करतात, अंगाला फोमची शीट किंवा बबल रॅप, त्यावर नळीदार पुठ्ठा, कोपऱ्यांना जाड पुठ्ठ्याचे संरक्षक कोन आणि शेवटी फिल्म. दोन्ही फ्रिज बाहेरून सारखेच दिसतात. फरक कळतो तो गाडीच्या लोखंडी कडेवर कोपरा आदळल्यावर.

टीव्हीसाठी एकच प्रश्न पुरतो: मूळ खोका नसेल तर लाकडी पेटी करणार का, आणि तिचे पैसे दरात आहेत का? पातळ स्क्रीनवर नुसता बबल रॅप म्हणजे काही संरक्षण नाही, कारण तो दाब अडवत नाही. पहिल्यानं पेटीचे १,२०० रुपये वेगळे सांगितले, बाकी दोघांच्या दरात ती होती. समोरून उघडणारं वॉशिंग मशीन असेल तर मागच्या बाजूचे ट्रान्झिट बोल्ट शोधून ठेवा. मशीन घेताना ते काढून बाजूला ठेवलेले असतात. ते न लावता मशीन हलवलं तर आतला ड्रम हेलकावे खातो आणि बाहेर ओरखडाही न पडता मशीन बिघडतं. हे कुठल्याच पॅकिंगनं थांबत नाही, आणि विमाही बहुतेक वेळा ते देत नाही. त्याकडे येतोच.

खोक्यांचंही तसंच. तीन थरांच्या पुठ्ठ्याचा खोका कपड्यांना चालतो. भांडी, काच आणि पुस्तकांना पाच थरांचा लागतो, नाहीतर वरच्या खोक्याच्या वजनानं खालचा बसतो. खोके नवे असतील की वापरलेले, हे विचारायला संकोच करू नका. वापरलेला खोका घट्ट असेल तर हरकत नाही, पण त्याच्या कडा मऊ पडलेल्या असतील तर त्यात काच भरू देऊ नका. पार्ट लोड निवडला असेल तर पॅकिंगचा दर्जा दुपटीनं महत्त्वाचा होतो, कारण ते सामान अनोळखी हातांतून तीनदा जाणार आहे. गंमत अशी की पार्ट लोड निवडणाऱ्यांनाच बहुधा पातळ पॅकिंग मिळतं, कारण दोन्हीकडे पैसे वाचवायचे असतात.

विम्याच्या नावाखाली काय विकलं जातं

इथे थोडं थांबून वाचा, कारण सगळ्यात जास्त फसगत इथेच होते.

कोटेशनवर एक ओळ असते: "ट्रान्झिट इन्शुरन्स, जाहीर किमतीच्या तीन टक्के." आपल्या जोडप्यानं सामानाची किंमत अडीच लाख धरली, म्हणून पहिल्यानं ७,५०० रुपये सांगितले. प्रश्न असा की हे पैसे कोणाला जातात? पॅकर्स-मूव्हर्स ही विमा कंपनी नाही, ती स्वतः विमा देऊ शकत नाही. खरा विमा असेल तर विमा कंपनीच्या नावाचं प्रमाणपत्र मिळतं आणि त्यावर पॉलिसी क्रमांक, तुमचं नाव, कुठून कुठे, विम्याची रक्कम आणि संरक्षणाचा प्रकार लिहिलेला असतो. असं काही नसेल तर ते पैसे म्हणजे मूव्हरनं स्वतःकडे ठेवलेली "रिस्क कव्हरेज" किंवा "एफओव्ही" नावाची रक्कम असते. काही मूव्हर त्यातून छोटी भरपाई देतातही. पण ती देणं त्यांच्या मर्जीवर असतं आणि अडचण आली तर तुमच्या हातात विमा कंपनीचा कागद नसतो.

म्हणून विचारायची वाक्यं साधी ठेवा: "विमा कोणत्या कंपनीचा? गाडी निघण्याआधी माझ्या नावाचं प्रमाणपत्र मिळेल का? पॉलिसीत कोणतं कलम आहे?" पहिल्याला हे विचारल्यावर उत्तर आलं, "साहेब, काळजी करू नका, काही झालं तर आम्ही आहोत ना." याचा अर्थ प्रमाणपत्र नाही.

कलमाचा प्रश्न महत्त्वाचा आहे. देशांतर्गत वाहतुकीच्या विम्यात तीन कलमं चालतात: ए, बी आणि सी. सी मध्ये मुख्यतः आग आणि वीज पडणं एवढंच येतं. बी मध्ये गाडी उलटणं, धडकणं यांसारखे नाव घेऊन सांगितलेले अपघातही येतात. ए मध्ये वगळलेल्या गोष्टी सोडून बाकी सगळ्या जोखमी येतात. घरसामानाच्या बाबतीत फरक असा पडतो की हमालाच्या हातून टीव्ही पडला तर गाडीला अपघात झालेला नसतो, त्यामुळे बी कामाला येत नाही. गोदामातून खोका चोरीला गेला तरी तेच. घराच्या स्थलांतरात बहुतेक नुकसान याच जातीचं असतं. म्हणून "ऑल रिस्क" म्हणजे ए कलम हवं, आणि संप-दंगलीचं संरक्षण वेगळं जोडावं लागतं, तेही विचारा.

ए कलमातही वगळलेल्या गोष्टी असतात. वापरलेल्या घरसामानावर ओरखडे, पोचे, रंग उडणं हे बहुतेक वेळा वगळलेलं असतं. बाहेरून इजा नसताना विजेचं उपकरण चालू न होणं हेही वगळतात, म्हणून वॉशिंग मशीनचे बोल्ट आधी आठवले पाहिजेत. रोकड, दागिने, कागदपत्रं विम्यात नसतात, ती तुमच्यासोबतच न्या. आणि खोके तुम्ही स्वतः भरले असतील तर आतल्या मोडतोडीवर दावा करणं अवघड जातं, कारण पॅकिंग कमी पडलं हे कारण पुढे येतं. काचसामान त्यांच्याच माणसांकडून भरून घेणं यासाठीही बरं.

विम्याची रक्कम ठरवताना प्रीमियम वाचवायला किंमत कमी लावायची सवय असते. तसं केलं तर दाव्याच्या वेळी सरासरीचं कलम लागतं. समजा सामान खरोखर चार लाखांचं आहे आणि तुम्ही दोन लाखांचाच विमा काढलात. २०,००० रुपयांचं नुकसान झालं तर मिळणार निम्मं, म्हणजे १०,०००, आणि त्यातूनही पॉलिसीत लिहिलेली स्वतः सोसायची रक्कम वजा होते. किंमत आजच्या वापरलेल्या अवस्थेची लावायची की नव्या वस्तूची, हे प्रमाणपत्रावर काय लिहिलंय त्याप्रमाणे ठरतं. वस्तूवार किमतीची यादी करून द्या. गोळाबेरीज आकडा दिलात तर एका टीव्हीच्या दाव्याला किती धरायचं यावर वाद होतो.

विमा नसला तरी वाहतूकदाराची जबाबदारी पूर्ण संपत नाही. रस्ते वाहतूक करणाऱ्यांसाठी २००७ चा कॅरेज बाय रोड कायदा आहे आणि २०११ च्या नियमांनुसार त्यांची भरपाईची मर्यादा भाड्याच्या दहापट, पण तुम्ही माल देताना जाहीर केलेल्या किमतीपेक्षा जास्त नाही. यातून एक साधं काम निघतं: विमा घ्या किंवा नका घेऊ, सामानाची किंमत कागदावर लिहून घ्या. "घरगुती जुनं सामान" एवढंच लिहिलेला कागद पुढे तुमच्याच विरुद्ध वापरला जातो.

आपल्या उदाहरणात दुसरा ए कलमाचं प्रमाणपत्र दीड टक्क्यानं देत होता: ३,७५० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४,४२५ रुपये. तिसऱ्यानं अर्ध्या टक्क्यानं विमा सांगितला, १,२५० आणि जीएसटी मिळून १,४७५. तो स्वस्त का, हे विचारल्यावर कळलं की तो बी कलमाचा आहे.

आता एका कागदावर

पहिला: २४,००० अधिक जास्तीचे घनफूट ८,४००, मजले १,५००, टीव्हीची पेटी १,२००. झाले ३५,१००. जीएसटी वेगळा, १८ टक्क्यांनी ६,३१८. एकूण ४१,४१८. "विमा" ७,५०० घेतला तर ४८,९१८, आणि तो विमा नाहीच.

दुसरा: ३३,५०० मध्ये मजले आणि पेटी आलेली. जीएसटी ६,०३० धरून ३९,५३०. ए कलमाच्या विम्यासह ४३,९५५.

तिसरा: ४६,००० जीएसटीसह, थेट १७ फुटी गाडी. बी कलमाच्या विम्यासह ४७,४७५. त्यालाच ए कलम मागितलं आणि दर दुसऱ्याइतकाच पडला, तर ५०,४२५.

जीएसटीबद्दल एक बारीक गोष्ट. पॅकिंग, चढउतार आणि वाहतूक अशी एकत्र सेवा असेल तर साधारण १८ टक्के लागतो, नुसत्या वाहतुकीचं बिल असेल तर ५ टक्केही लावलेला दिसतो. कोटेशनांत एकाचा ५ आणि दुसऱ्याचा १८ असेल तर मूळ आकड्यांची तुलना करूनच पुढे जा. "बिल नको असेल तर जीएसटी नाही" हे आमिष स्वीकारलंत तर विम्याचा दावा करायला आणि ग्राहक आयोगात जायला कागदच उरत नाही.

आता खरा प्रश्न पहिल्या आणि तिसऱ्यात नाही, दुसऱ्या आणि तिसऱ्यात आहे. दोघांचा ए कलमाचा विमा धरला तर फरक ६,४७० रुपयांचा. त्या पैशात सामान तीनदा ऐवजी एकदाच चढतं-उतरतं, आठवड्याऐवजी दोनतीन दिवसांत पोचतं आणि हरवण्याची भीती जवळजवळ जाते. या घरात स्कूटर, लोखंडी कपाट आणि लाकडी टेबलं आहेत, म्हणजे हाताळणीत खरचटणारं सामान बरंच आहे, आणि खरचटण्याला विमा देत नाही. मी असतो तर तिसऱ्याकडे गेलो असतो, पण विमा ए कलमाचा करून घेऊनच. सामान मुख्यतः खोक्यांत असतं आणि बंगळुरूला दहा दिवस नातेवाइकांकडे राहायची सोय असती, तर दुसरा पुरेसा होता.

पैसे देण्याआधी आणि सामान घेताना

निवडलेल्या मूव्हरचा जीएसटी क्रमांक मागा. तो १५ अंकाक्षरांचा असतो, महाराष्ट्रात नोंदलेल्याचा २७ नं सुरू होतो. services.gst.gov.in वर करदात्याचा शोध घेता येतो. तिथे आलेलं नाव, कोटेशनवरचं नाव आणि ज्या खात्यात पैसे मागितले त्याचं नाव जुळलं पाहिजे. मोठ्या नावांशी मिळतीजुळती नावं घेऊन धंदा करणारे बरेच आहेत. पैसे एखाद्या व्यक्तीच्या यूपीआयवर मागितले जात असतील तर मागे फिरा. बुकिंगला थोडीशी रक्कम, सामान चढल्यावर एक हिस्सा आणि मोठा वाटा उतरवल्यावर, असं लिहून घ्या. फार कमी दर आणि बहुतेक पैसे आधी, हे दोन्ही एकत्र दिसलं तर सामान दुसऱ्या शहरात गोदामात अडवून जादा पैसे मागण्याचा प्रकार होऊ शकतो. तेव्हा वाद घालायला तुमच्याकडे राहिलेल्या रकमेशिवाय काहीच नसतं.

घरगुती वापरलेल्या सामानाला ई-वे बिल लागत नाही, त्यामुळे त्याचे वेगळे पैसे कोणी मागितले तर द्यायचं कारण नाही.

सामान चढताना प्रत्येक नगावर क्रमांक टाकून घ्या आणि तीच यादी बिल्टीला, म्हणजे माल ताब्यात घेतल्याच्या पावतीला, जोडा. मोठ्या वस्तूंचे चारही बाजूंनी फोटो काढा, टीव्ही आणि फ्रिज चालू असल्याचा छोटा व्हिडिओ घ्या. उतरवताना यादी हातात धरून नग मोजा. हमाल घाईत असतात आणि "सही करा साहेब, आम्हाला दुसऱ्या ठिकाणी जायचंय" असं सतत म्हणतात. खोका चेपलेला, ओला किंवा फाटलेला दिसला तर बिल्टीच्या त्यांच्या प्रतीवरच "नग क्र. १७ फाटलेला मिळाला, आतलं तपासलेलं नाही" असं लिहून मग सही करा आणि त्या कागदाचा फोटो घ्या. "सामान व्यवस्थित मिळालं" असं छापलेल्या ओळीखाली नुसती सही केलीत तर विमा कंपनीचा सर्व्हेअर आधी तेच दाखवतो.

नुकसान दिसलं की विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा आणि तुटलेली वस्तू सर्व्हेअर येईपर्यंत फेकू किंवा दुरुस्त करू नका. मूव्हरला वेगळी लेखी नोटीस द्या. २००७ च्या कायद्यानुसार वाहतूकदारावर दावा लावायचा असेल तर अशी नोटीस माल बुक केल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत गेलेली असावी लागते. हे दिवस सामान मिळाल्यापासून मोजायचे नाहीत. फोनवर "बघतो, करतो" ऐकत महिने जातात, म्हणून नोटीस ईमेलनं आणि स्पीड पोस्टानं, दोन्हीकडून पाठवा.